पाणी दिवसभर यायला लागलं आणि मीटरचं रीडिंग घटलं! मुख्य मीटर किती इंची घ्यावा?

खजिनदार_बाणेर

मंडळी, सोसायटीत ९६ फ्लॅट, माणसं साधारण ३५०. महापालिकेची लाइन खालच्या संपमध्ये पडते, तिथून पंपाने वरच्या टाक्यांत. संपच्या तोंडाशी बिल्डरने बसवलेला ४ इंची (१०० मिमी) मीटर आहे. तो सोसायटीचा स्वतःचा, महापालिकेचा वेगळा. फ्लॅटना १५ मिमीचे मीटर आहेत, प्रत्येकी तीन, कारण स्वयंपाकघर आणि दोन बाथरूमना डक्टमधून वेगवेगळ्या लाइनी येतात. एकूण २८८.

आता गंमत बघा. पूर्वी दिवसाला पाचेक तास पाणी यायचं. तेव्हा मुख्य मीटर महिन्याला १४३० युनिट दाखवायचा (१ युनिट म्हणजे १००० लिटर) आणि फ्लॅटची बेरीज व्हायची १०६० च्या आसपास. फरक ३७०. यावरून दर सभेला भांडणं. मग आमच्या भागात नवी लाइन चालू झाली, गुरुवारचं बंद सोडलं तर पाणी जवळजवळ दिवसभर असतं. आणि मुख्य मीटर उतरला १३१० वर! फ्लॅटची बेरीज तेवढीच. फरक २५० वर आला म्हणून समितीने प्लंबरचा सत्कार करायचा बाकी ठेवलाय, त्याने मध्ये दोन व्हॉल्व बदलले होते.

मला हे पटत नाही. त्यात मुख्य मीटर जुना झालाय, बदलायचा आहे. प्लंबर म्हणतो पाइप ४ इंची आहे तर मीटरही ४ इंचीच. कोणाला यातलं कळतं का?

पंप_मोटार

प्लंबरचं बरोबर आहे. लहान मीटर घातलात तर प्रेशर मरतं. आणि आकडा उतरला त्याचं कारण सरळ आहे, हवा. पाणी थांबून थांबून यायचं तेव्हा लाइनमधली हवा मीटर गरगर फिरवायची. आता लाइन भरलेली राहते, हवा नाही, म्हणून खरा आकडा दिसतोय. १३१० खरे, १४३० खोटे.

सुप्रिया_वि

आमच्याकडे टँकरवाला १०,००० लिटर सांगतो आणि आमचा मीटर ८५०० दाखवतो. तुमच्यासारखंच प्रकरण दिसतंय. मीटर खोटा की टँकर?

गळकी_टाकी

वाचतोय. आमच्या सोसायटीत हेच चालू आहे, फक्त सत्कार आधीच झाला.

निवृत्त_उपअभियंता

खजिनदार, सत्काराची घाई करू नका. मला वाटतं तुमचं पाणी पूर्वीइतकंच येतंय आणि मीटरला त्यातलं काही दिसेनासं झालंय.

३५० माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ४७ हजार लिटर आणि महिन्याला १४०० च्या पुढे युनिट. म्हणजे तुमचा जुना आकडा हवेने फुगलेला वाटत नाही. पंप_मोटार म्हणतात ती हवा खरी असते, बंदनंतरच्या शुक्रवारी सकाळी कोणत्याही मीटरपाशी उभं राहा, पाण्याआधी फुसफुस येते आणि काटा पळतो. पण तो प्रकार लाइन भरेपर्यंतचा. महिन्याला १२० युनिट हवा तुमच्या एका लाइनीतून जाणं अवघड आहे.

आता मीटरकडे या. आत पंख्याची चक्ती असते, पाणी तिला ढकलतं. हा ढकलण्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, प्रवाह निम्मा झाला की जोर पाव होतो. उलट बाजूला बेअरिंगचं आणि दातेरी चाकांचं घर्षण मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून मोठ्या प्रवाहात घर्षण हिशेबातही येत नाही, आणि प्रवाह बारीक झाला की तेच वरचढ ठरतं. पाणी पंख्याच्या कडेने निसटून जातं, पंखा मागे पडतो. आणखी बारीक झाला तर पंखा उभाच, पाणी चालू. जत्रेतला मोठा पाळणा एकट्या पोराच्या ढकलण्याने हलत नाही, तसं. म्हणून बारीक प्रवाहात यांत्रिक मीटर चुकतो तो जवळजवळ नेहमी कमीच्या बाजूला.

तुमचा १०० मिमीचा बल्क मीटर जुन्या आयएसओ ४०६४ च्या ब वर्गातला, तासाला ६० युनिटवाला असेल, तर त्याचा किमान प्रवाह तासाला १.८ युनिट. त्याच्या खाली किती चुकायचं याला काही बंधनच नाही. १.८ ते १२ पर्यंत पाच टक्के चूक चालते, १२ च्या वर दोन टक्के. पूर्वी पाच तासांत ४८ युनिट यायचे, म्हणजे तासाला साडेनऊ. मीटर बरा चालायचा. आता तेच ४८ युनिट चोवीस तासांत पसरले, सरासरी तासाला २. आणि सरासरी २ म्हणजे कित्येक तास त्याच्याही खाली.

एक करा. संपचं आतलं माप घ्या आणि पंप बंद ठेवून तासभर पातळी किती चढते ते काठीवर बघा. सोबत मीटरचं रीडिंग. एकदा संप बराच रिकामा असताना, एकदा जवळजवळ भरलेला असताना.

सुप्रियाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. टँकरचा पाइप पूर्ण भरून वाहत नसेल तर कोणताच मीटर खरं सांगत नाही. टँकरच्या टाकीचं माप घ्या, मीटर सोडा.

पंप_मोटार

पुस्तकात असेल हो. बॉल व्हॉल्व एकतर उघडा असतो नाहीतर बंद. उघडा असला की पूर्ण पाणी येतं. मग बारीक प्रवाह आला कुठून?

निवृत्त_उपअभियंता

नळ उघडा-बंद करतो तसा तो काम करत नाही. चेंडू दांड्यावर तरंगतो, पातळी वर येईल तसं तोंड हळूहळू मिटतं. मोठ्या व्हॉल्वमध्ये हा पट्टा पंचवीस-तीस सेंटिमीटरचा सहज असतो. पूर्वी पाणी यायच्या वेळी संप खाली गेलेला असायचा, व्हॉल्व सताड उघडा. आता दिवसभर पाणी असल्याने संप कायम भरलेला. पंप एकदा चालला की थोडीच पातळी उतरते, व्हॉल्व किलकिला उघडतो आणि पुढचे दोन-तीन तास बारीक धार. माल्टा आणि पालेर्मोला घरोघरी गच्चीवर टाक्या असतात, तिथेही मीटर कमी दाखवण्याचं हेच कारण अभ्यासून मांडलेलं आहे.

खजिनदार_बाणेर

केलं. संप आतून ६ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे १ सेंमीला २४० लिटर.

संप खाली गेलेला असताना (शुक्रवारी सकाळी, बंदनंतर, हवा निघून गेल्यावर) तासात ४० सेंमी चढला, ९६०० लिटर. मीटर ९४५० म्हणाला. फरक दीड टक्का.

संप वरच्या पट्ट्यात असताना तासात फक्त ४ सेंमी, ९६० लिटर. मीटर म्हणाला ३५०. काटा मध्येच हलायचा, मध्येच थांबायचा. वॉचमनला वाटलं मीटर बिघडला.

शिवाय पंपाची एक फेरी साधारण ६००० लिटर उचलते, म्हणजे पातळी २५ सेंमी उतरते. काका म्हणतात त्या पट्ट्याच्या बाहेर आमचा संप जवळजवळ जातच नाही.

गळकी_टाकी

म्हणजे गळती कमी झालीच नाही, मुख्य मीटर आंधळा झाला म्हणून फरक कमी दिसला! प्लंबरचा हार परत घ्या.

निवृत्त_उपअभियंता

अगदी. आणि मूळचा ३७० चा फरक तसाच आहे, तो आता बघू.

३७० युनिट भागिले २८८ मीटर, भागिले ३० दिवस, भागिले २४ तास. येतात तासाला पावणेदोन लिटर. एका मीटरमागे एवढंच पाणी न मोजता गेलं तरी तुमचा अख्खा फरक भरून निघतो. १५ मिमीचा ब वर्गातला नवा मीटरही साधारण तासाला १०-१५ लिटरखाली हलत नाही, आणि नियमाने त्याची जबाबदारी सुरू होते ३० लिटरपासून. फ्लशच्या टाकीचा रबर झिजला की भांड्यात जी दिसेल न दिसेल अशी धार असते, ती तासाला सात-आठ लिटर सहज असते. दिवसाला पावणेदोनशे लिटर, मीटरवर शून्य.

तीन-तीन मीटरचा तोटा इथेच आहे. एका फ्लॅटच्या दोन बाथरूममध्ये आठ-आठ लिटरची गळती असेल आणि मीटर एकच असता, तर १६ लिटरला तो निदान हलला असता. दोन वेगळ्या मीटरवर दोन्ही उभेच.

अनघा_कोथरूड

आरओ पण यात येतो का? आमच्या समितीत एक काका म्हणतात आरओवाल्यांनी जास्त वर्गणी द्यावी.

निवृत्त_उपअभियंता

घरगुती आरओ चालू असताना शुद्ध आणि वाया जाणारं मिळून तासाला साधारण ४०-६० लिटर ओढतो. नवा मीटर हे मोजतो, पाच टक्क्यांत. नऊ-दहा वर्षं झिजलेला, त्यात गाळ अडकलेला मीटर किती मोजेल ते करून बघावं लागेल. नळ इतका बारीक सोडा की १० लिटरची बादली वीस मिनिटांत भरेल, म्हणजे तासाला ३० लिटर. बाकी सगळे नळ बंद. आधी आणि नंतर लाल काटे वाचा, ×0.0001 लिहिलेल्या काट्याचा एक भाग म्हणजे १०० मिली.

आणि डक्टमध्ये मीटर कसे बसवलेत तेही बघा. डायलवर B-H A-V असं काही असेल.

खजिनदार_बाणेर

काका, B-H A-V च आहे! आणि आमचे निम्मे मीटर उभ्या पाइपवर, काही चक्क तिरके. माझ्या स्वतःच्या बाथरूमच्या मीटरवर बादली लावली. बारीक धारेला १० लिटरचे ६.८ दिसले. नळ पूर्ण सोडून भरली तर ९.९.

निवृत्त_उपअभियंता

त्या अक्षरांचा अर्थ असा की आडवा बसवला तर ब वर्ग, उभा बसवला तर अ. अ वर्गात किमान प्रवाह दुप्पट, ६० लिटर. मीटर आडवा असला की पंख्याचा कणा टोकावर उभा फिरतो, घर्षण नगण्य. पाइपबरोबर मीटर उभा केला की कणा आडवा होतो आणि कडेने घासत राहतो. म्हणजे तुमच्या मीटरने ३० लिटरला ६.८ दाखवले यात त्याने नियमही मोडलेला नाही. तक्रार बसवणाऱ्याची करा.

अनघा_कोथरूड

पण सगळा फरक मीटरचाच असं कशावरून? बाग, गाड्या धुणं, वॉचमनचं संडास-बाथरूम, वरची टाकी ओसंडणं. याला कुठे मीटर आहे? आमच्याकडे बागेच्या नळाला मीटर लावला तेव्हा अर्धं भांडण मिटलं.

खजिनदार_बाणेर

बागेला बोअरचं पाणी आहे, पण गाड्या धुणं आणि वॉचमनची खोली मीटरशिवाय आहेत, हे खरं. तिथे मीटर लावतो. आता मुख्य मीटरचं सांगा. ४ इंची नको हे कळलं. मग किती?

निवृत्त_उपअभियंता

पाइपचा व्यास विसरा. तुमच्याकडे दोन आकडे आलेत. व्हॉल्व सताड असताना तासाला ९.६ युनिट, आणि पहाटे प्रेशर जास्त असेल तेव्हा धरू १३. दुसरं टोक, बारीक धार, तासाला १ किंवा त्याहून कमी. मीटर या दोन्हींना झेपला पाहिजे. नव्या मीटरच्या डायलवर Q3 आणि R छापलेले असतात, बाकीचं त्यावरून काढता येतं:

```
Q1 = Q3 / R
Q2 = 1.6 × Q1
Q4 = 1.25 × Q3
```

Q3 हा मीटर कायम सोसू शकेल असा प्रवाह, Q4 थोडाच वेळ. Q1 च्या खाली हमी नाही, Q1 ते Q2 पाच टक्के, पुढे दोन टक्के.

४० मिमीचा मल्टिजेट घेतलात, Q3 १६ आणि R160, तर Q1 येतो तासाला १०० लिटर, Q2 १६०. तुमची ९६० लिटरची धार दोन टक्क्यांत मोजली जाईल आणि १३ युनिट Q3 च्या आत आहेत. माझं मत हाच.

पंप_मोटार

आणि प्रेशर? मी पहिल्यापासून तेच सांगतोय. ४ इंचीच्या लाइनीला दीड इंची मीटर! शुक्रवारी सकाळी संप रिकामा, लाइनला जीव नाही, त्यात हा बुच. बायका भांडी घेऊन खाली येतील तेव्हा R160 सांगा त्यांना.

निवृत्त_उपअभियंता

हा मुद्दा खरा आहे. अशा मीटरला Q3 वर जास्तीत जास्त ०.६३ बार दाब खायची मुभा असू शकते. तुमच्या ९.६ ला ते येतात सव्वादोन मीटर उंचीइतके, १३ ला चार मीटरच्या वर. खजिनदार, मीटरच्या आधी गेज आहे का? संप भरत असताना किती दाखवतो?

खजिनदार_बाणेर

आहे. शुक्रवारी सकाळी ०.६ किलो. एरवी दीड-पावणेदोन.

निवृत्त_उपअभियंता

म्हणजे शुक्रवारी हाताशी जेमतेम सहा मीटर, त्यातले दोन त्या नव्या मीटरनेच खाल्ले तर धार घटेल. किती घटेल ते नुसत्या कागदावर सांगत नाही, तुमच्या व्हॉल्व आणि बेंडवरही आहे. पण आठवड्यातल्या एका सकाळसाठी बाकी सहा दिवसांचं मोजमाप घालवायचं का, हा निर्णय तुमचा.

मधला मार्ग ५० मिमीचा. त्या मापाचा वोल्टमन, Q3 ४० आणि R100, दाब जवळजवळ खात नाही, पण Q1 येतो ४०० लिटर. तुमच्या ९६० ला चालेल, मध्यरात्री धार ३०० वर आली तर नाही. ५० मिमीचा अल्ट्रासॉनिक घेतलात तर दोन्ही साधतं, आत फिरणारं काही नाही. किंमत जास्त, बॅटरी बहुतेक सीलबंद, संपली की मीटरच बदला. इलेक्ट्रोमॅग्नेटिक सुचवेल कोणी, तर त्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक प्रवाहाखाली शून्य धरायचा आकडा असतो तो आधी विचारा. तो वर ठेवलेला असेल तर महागडा मीटरही बारीक धार गिळून बसतो.

धायरीचा_अभियंता

तुम्ही सगळे मीटरच्या मागे लागलात. व्हॉल्व बदला ना! दोन पातळ्यांवर चालणारा व्हॉल्व मिळतो, पातळी समजा एक मीटर खाली गेली की पूर्ण उघडतो, भरली की पूर्ण बंद. मधलं काही नाही. मग बारीक धार उरतच नाही आणि जुना १०० मिमीचा पण दीड टक्क्यात चालेल, तुमच्याच मोजणीप्रमाणे. आमच्या कारखान्यात असाच आहे.

निवृत्त_उपअभियंता

उत्तम सूचना, मी स्वतः आधी हेच करेन. पण दोन गोष्टी. व्हॉल्व झटक्यात मिटला तर लाइनीत दणका बसतो, म्हणून सावकाश मिटणारा हवा, आणि तो मिटेपर्यंत एखाद मिनिट बारीक प्रवाह असणारच, तो चालेल. दुसरं, संप एक मीटर रिकामा होऊ द्यायचा म्हणजे २४ हजार लिटरचा साठा कमी, अर्ध्या दिवसाचं पाणी. बुधवारी रात्री संप तळाच्या फेरीत असेल तर गुरुवारचं काय?

अनघा_कोथरूड

बुधवारी वॉचमनने हाताने भरून घ्यायचा. झालं.

गळकी_टाकी

वॉचमनला बुधवार लक्षात राहिला असता तर आमच्या सोसायटीत पंप जळला नसता.

सुप्रिया_वि

पण फ्लॅटच्या मीटरांचं काय ठरलं? मोजलं न गेलेलं पाणी कोणाच्या माथी? आमच्याकडे फरक सगळ्यांच्या रीडिंगच्या प्रमाणात वाटतात.

खजिनदार_बाणेर

त्यावर आमच्याकडे दोन तट आहेत. प्रमाणात वाटलं तर ज्याचा मीटर चांगला चालतो तोच जास्त भरतो, आणि ज्याचा फ्लश दिवसरात्र गळतो त्याचा मीटर शून्य म्हणून तो सुटतो. समान वाटलं तर वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी म्हणतात मी का भरू. दोन्ही बाजूंना उत्तर नाही माझ्याकडे. आधी सगळ्यांच्या फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून बघायचं ठरवलंय, भांड्यात रंग उतरला तर रबर सोसायटीच्या खर्चाने. २८८ मीटर बदलण्यापेक्षा ते स्वस्त.

मुख्य मीटरसाठी ४० आणि ५० दोन्हींचं कोटेशन मागवलंय.

निवृत्त_उपअभियंता

कोटेशनमध्ये Q3, R आणि दाबाचा आकडा लिहून मागा, नुसतं '२ इंची' नको. १०० च्या लाइनीत ५० बसवताना रिड्यूसरला लागूनच मीटर नको. आधी अर्धा मीटर सरळ ५० चा पाइप, नंतर पाव मीटर, आणि त्या सगळ्याच्या आधी जाळी. मीटर सपाट आडवा, आणि पाइप तिथे कायम भरलेला राहील अशा खालच्या पातळीवर. बसल्यावर काठीचा तोच प्रयोग संपच्या दोन्ही पातळ्यांवर पुन्हा करा.

पंप_मोटार

जाळी महिन्यात चोंदेल, पावसाळ्यात आठवड्यात. ती कोण काढणार तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.